लहान वाक्य, मोठा माणूस
अभ्यासपाठ : नुकतेच वाचायला शिकलेल्या प्रौढांसाठी कसे लिहावे



पावसाळा तोंडावर आला की अनेक मंडळ्यांमध्ये आणि तरुण संघांमध्ये पाड्यांवर वाटायच्या पत्रकांची तयारी सुरू होते. विषय ठरलेले असतात : जुलाब, हिवताप, साप चावणे, पिण्याचे पाणी. कोणीतरी मजकूर लिहितो, कोणी छपाईचा खर्च उचलतो आणि पत्रके गावोगाव जातात. ती वाचून आईने घरी नेमके काय केले, हे मात्र फारसे कोणी पाहत नाही. तिने काय केले ते बरेचसे आपल्या वाक्यांवर ठरते. म्हणून या पाठात एकच पत्रक घेऊ आणि त्याचे एकेक वाक्य तपासू. विषय जुलाबाचा आणि ओआरएसच्या पुडीचा आहे.

वाचणारी व्यक्ती कोण आहे?

आपली वाचक तिसरी-चौथीत शाळा सुटलेली किंवा साक्षरता वर्गात अक्षरे शिकलेली बाई आहे असे धरू. ती वाचते, पण सावकाश वाचते. एकेका शब्दावर बोट ठेवून, ओठ हलवत वाचते. तिच्या घरची बोली वारली, कोकणा किंवा भिली असेल, तर ती छापील मराठीच्या जवळची आहे, पण तीच नव्हे. गोंडी आणि कोरकू तर मराठीच्या कुळातल्याही भाषा नाहीत. गोंडी द्रविड कुळातली आहे आणि कोरकू मुंडा कुळातली. या घरांत मराठी ही बाजारात, दवाखान्यात आणि शाळेत लागणारी दुसरी भाषा असते.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. पुष्कळ घरांत पत्रक आई वाचतच नाही. सहावीतला मुलगा ते मोठ्याने वाचतो आणि आई, आजी, शेजारीण ऐकतात. म्हणजे आपले लेखन डोळ्यांइतकेच कानांसाठीही असते.

हीच बाई चार मुलांची आई आहे. पाऊस कधी लागेल, भात कधी लावायचे, उसनवारी कशी फेडायची, हे तिला आपल्यापेक्षा चांगले कळते. तिला वाचन कमी येते, पण तिची समज कमी नाही. या पाठातले पुढचे सगळे या दोन गोष्टी एकत्र ध्यानात ठेवण्यावर उभे आहे.

लांब वाक्य कुठे मोडते?

नेहमीच्या सरकारी थाटात लिहिलेला मजकूर साधारण असा असतो :

"अतिसाराची लागण झालेल्या बालकांमध्ये निर्माण होणाऱ्या निर्जलीकरणाच्या प्रतिबंधासाठी एक लिटर स्वच्छ पाण्यामध्ये जलसंजीवनीचे एक पूर्ण पाकीट विरघळवून तयार केलेले द्रावण प्रत्येक पातळ शौचानंतर बालकास थोड्या थोड्या प्रमाणात पाजण्यात यावे व तयार केलेले द्रावण चोवीस तासांच्या आत वापरावे."

यातली माहिती बरोबर आहे. पण हे ३७ शब्दांचे एकच वाक्य आहे, आणि काय करायचे ते सांगणारे "पाजण्यात यावे" हे शब्द अठ्ठाविसाव्या जागी येतात. मराठीत क्रियापद शेवटी येते. ते येईपर्यंत वाचणाऱ्याला आधीचे सगळे शब्द डोक्यात धरून ठेवावे लागतात. आपण भराभर वाचतो म्हणून ते ओझे जाणवत नाही. बोट ठेवून वाचणारी बाई "द्रावण" या शब्दापर्यंत पोहोचते, तेव्हा "अतिसाराची लागण" तिच्या हातून निसटलेली असते.

ओझे वाढवणारी दुसरी गोष्ट म्हणजे "झालेल्या", "होणाऱ्या", "तयार केलेले" असे शब्द. यांतल्या प्रत्येकात एक आख्खे वाक्य दडपून बसवलेले असते. "लागण झालेल्या बालकांमध्ये निर्माण होणाऱ्या" या पाच शब्दांत दोन घटना आहेत : बाळाला जुलाब झाले, आणि मग त्याच्या अंगातले पाणी कमी झाले. बोलताना आपण या दोन गोष्टी एकीमागून एक सांगतो. लिहिताना त्या एकीत एक कोंबतो.

तिसरी गोष्ट म्हणजे "पाजण्यात यावे". कोणी पाजायचे? आईने, आशाताईंनी की डॉक्टरांनी? वाक्यात माणूसच नाही.

नुसते तुकडे केले की काय होते?

वाक्ये लहान करा असे सांगितले की बहुतेक जण कात्री घेतात. मग मजकूर असा होतो :

"बाळाला जुलाब होतात. शरीरातले पाणी कमी होते. पुडी घ्या. पाणी घ्या. पाणी एक लिटर घ्या. पुडी पाण्यात टाका. पाणी ढवळा. बाळाला पाणी पाजा. पाणी थोडे थोडे पाजा. पाणी चोवीस तासांत वापरा."

आता एकही वाक्य चार शब्दांपेक्षा मोठे नाही, आणि जोडाक्षरेही फारशी उरली नाहीत. तरी हे पत्रक पहिल्यापेक्षा फार चांगले झालेले नाही. मोठ्याने वाचून पाहा. रेल्वे स्थानकावरची घोषणा ऐकू येते. प्रत्येक वाक्याचा सूर आणि वजन सारखेच आहे, त्यामुळे महत्त्वाचे कोणते आणि सहज सांगितलेले कोणते, ते कानाला कळत नाही.

कानाला रुक्ष लागते, एवढ्यावरच नुकसान थांबत नाही. "पाणी" हा शब्द इथे आठ वेळा आला आहे आणि त्याचे तीन अर्थ आहेत : बाळाच्या अंगातले पाणी, भांड्यातले साधे पाणी आणि पुडी विरघळवलेले पाणी. "पाणी थोडे थोडे पाजा" हे वाचून एखादी आई साधे पाणी पाजेल, तर तिचा दोष काय? दुसरे असे की "एक पूर्ण पाकीट" मधला "पूर्ण" कात्रीत गेला. "प्रत्येक पातळ शौचानंतर" हेही गेले. आता आई दिवसातून एकदाच पाजेल, आणि पुडी महाग वाटली तर अर्धी उद्यासाठी ठेवील.

सर्वांत मोठे नुकसान दिसत नाही, कारण ते जागेवर नसलेल्या शब्दांचे आहे. जुलाब होणे, पाणी कमी होणे आणि पुडी घेणे यांचा एकमेकांशी संबंध काय, ते हे पत्रक सांगतच नाही. "म्हणून", "कारण", "तर", "तरी", "पण", "मग" हे वाक्यांचे सांधे आहेत. कात्री लावताना आधी तेच उडतात, कारण ते बिनमहत्त्वाचे दिसतात. सांधे गेले की एकेक वाक्य समजते, पण सगळे मिळून काहीच सांगत नाही.

गोड बोलण्याचा मोह

रुक्षपणा घालवायला मग कोणी साखर घालतो :

"आई, तुझ्या बाळाचे पोट बिघडले ना? घाबरू नकोस हं! चल, आपण जादूचे पाणी करू या. छान छान पाणी पिऊन बाळ होईल टुणटुणीत!"

हे बालवाडीत शोभेल. घर चालवणाऱ्या बाईला अनोळखी कागद "तू" म्हणतो, "हं" म्हणून पाठ थोपटतो, आणि तिच्या आजारी बाळाविषयी "छान छान" म्हणतो. वाचून दाखवणारा मुलगा हसतो आणि आजी मान फिरवते. ज्या कागदाने आपला मान ठेवला नाही, त्याचे बोलणे कोण मनावर घेईल?

इथेही प्रश्न फक्त सुराचा नाही. "जादूचे पाणी" म्हटल्यावर आई काय समजते? पाणी पाजले की जुलाब थांबणार. ओआरएसचे काम ते नाही. जुलाबातून गेलेले पाणी आणि क्षार ते भरून काढते. जुलाब त्यानंतरही एक-दोन दिवस चालू राहू शकतात. जादूची वाट पाहणारी आई संध्याकाळपर्यंत थांबते, जुलाब चालूच असलेले पाहते, आणि पुडीचा उपयोग नाही असे ठरवून ते पाणी फेकून देते. बाळाला त्याची सर्वांत जास्त गरज असते, नेमके तेव्हाच ते बंद होते. तेव्हा लहान मुलांशी बोलावे तसे लिहिण्यात फक्त मानाचा प्रश्न नसतो. त्यात कारण गाळले जाते, आणि कारण गाळले की उपचार अर्ध्यावर सुटतो.

साधे लिहिणे म्हणजे विद्वत्ता कमी पडणे नव्हे, याचे उदाहरण आपल्या घरातच आहे. पंडिता रमाबाईंना १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी संस्कृतातल्या अधिकारासाठी गौरविले होते. जड मराठी लिहिणे त्यांना अवघड नव्हते. तरी पवित्र शास्त्राचे भाषांतर करताना साध्या बायांना कळेल अशी मराठी त्यांनी जाणूनबुजून धरली. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि १९२२ मध्ये केडगाव येथे देहावसान होण्याआधी ते काम पुरे केले. वाचणारी बाई साधी आहे म्हणून मूळ अर्थात काटछाट करायची नाही, उलट तो नीट कळावा म्हणून स्वतः जास्त कष्ट घ्यायचे, ही त्यांची रीत आपल्या छोट्या पत्रकालाही लागू पडते.

सांधे ठेवून लहान कसे लिहावे?

आता आपले पत्रक पुन्हा लिहू. आधी सगळे एकत्र वाचा, शक्यतो मोठ्याने :

"जुलाब लागले की बाळाच्या अंगातले पाणी निघून जाते. त्याबरोबर मीठही जाते, म्हणून बाळ गळून जाते. गेलेले पाणी आणि मीठ भरून काढायला ओआरएसच्या पुडीचे पाणी पाजा.

एक लिटर स्वच्छ पाणी मोजून घ्या. एक लिटरची पुडी फोडा आणि सगळी त्यात टाका. पुडी विरघळेपर्यंत ढवळा. पाणी कमी घेऊ नका, कारण पुडीचे पाणी जास्त खारट झाले तर बाळाला बाधते.

बाळाला जितक्या वेळा जुलाब होतील, तितक्या वेळा पुडीचे पाणी पाजा. बाळ दोन वर्षांच्या आतले असेल, तर दर वेळी पाव ते अर्धा पेला द्या. चमच्याने थोडे थोडे पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबा, आणि मग आणखी हळू पाजा. अंगावरचे दूध मात्र बंद करू नका.

पुडीच्या पाण्याने जुलाब लगेच थांबत नाहीत. पण जुलाब चालू असले, तरी बाळाच्या अंगात पाणी राहते. म्हणून पाजत राहा.

पुडीचे पाणी २४ तास चालते. आज सकाळी केले, तर उद्या सकाळी उरलेले ओतून द्या आणि नवे करा.

बाळ पीत नसेल, सुस्त पडले असेल, डोळे खोल गेले असतील किंवा जुलाबात रक्त दिसले, तर घरी थांबू नका. लगेच दवाखान्यात न्या. बाळ पिऊ शकत असेल, तर वाटेतही पाजत राहा."

यात काय केले ते क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट, सांधे उघडे ठेवले आहेत. "म्हणून", "कारण", "पण", "तरी", "मग", "मात्र" हे शब्द एकेकटे लहान आणि रोजच्या बोलण्यातले आहेत. वाचायला त्यांचा भार होत नाही, आणि पुढचे वाक्य कोणत्या दिशेने जाणार ते त्यांच्यामुळे आधीच कळते. "पण" दिसला की वाचणारी वळणाला तयार होते. "अंगावरचे दूध मात्र बंद करू नका" यातला "मात्र" काढून पाहा. सूचना तीच राहते, पण बाकी काही बंद केले तरी हे नको, हा आग्रह जातो. "मीठही" मधला "ही" असेच काम करतो. सपाटपणा घालवायला उद्गारचिन्हांची गरज नसते. बोलणारा माणूस या लहानशा अव्ययांमधून ऐकू येतो.

दुसरी गोष्ट, जोडीची वाक्ये ठेवली आहेत. "जितक्या वेळा जुलाब होतील, तितक्या वेळा पाजा." "उलटी झाली तर थांबा." जर-तर, जेव्हा-तेव्हा, जितके-तितके, ही मराठीची जुनी आणि बोलीतली रचना आहे. आपल्या म्हणी याच साच्यात घडल्या आहेत. अशा वाक्याच्या दोन्ही भागांत आपापले क्रियापद असते, म्हणून मध्ये श्वास घेता येतो. शेवटच्या परिच्छेदातले "बाळ पीत नसेल" पासून "थांबू नका" पर्यंतचे वाक्य १८ शब्दांचे, म्हणजे सर्वांत लांब आहे. तरी ते अडत नाही, कारण दर तीन-चार शब्दांनंतर एक क्रियापद येते आणि तोवरचे ओझे खाली ठेवता येते. सामान्यपणे आठ-दहा शब्दांचे वाक्य बरे. पण शब्द मोजण्याआधी हे पाहा, की क्रियापद किती लवकर भेटते.

तिसरी गोष्ट, एका वस्तूला एकच नाव दिले आहे. पुडी विरघळवलेल्या पाण्याला शेवटपर्यंत "पुडीचे पाणी" म्हटले आहे. कुठे "द्रावण", कुठे "औषध", कुठे "जलसंजीवनी" असे केले नाही. शाळेत निबंध लिहिताना एकच शब्द पुन्हा वापरू नये असे शिकवतात. इथे ती शिकवण बाजूला ठेवा. नाव बदलले की वस्तूही बदलली, असेच नवी वाचणारी व्यक्ती धरते. मात्र एकच वस्तू लागोपाठ आली आणि घोटाळ्याला जागा नसली, तिथे "त्यात" किंवा "उरलेले" एवढ्यावर भागवले आहे. तसे केले नसते, तर पुन्हा यंत्राचा सूर लागला असता.

चौथी गोष्ट, काही अवघड दिसणारे शब्द तसेच ठेवले आहेत. "ओआरएस" हे नाव पुडीवर असते आणि आशाताईही तेच म्हणतात. "लिटर" दुकानात रोज कानावर पडतो. अक्षरांच्या दृष्टीने "शौच" सोपा आहे, पण तो घरात बोलला जात नाही. म्हणून "जुलाब" ठेवला. तुमच्या भागात "हगवण", "ढाळ" किंवा "पातळ होणे" म्हणत असतील, तर तोच शब्द घाला. आकडेही अंकांत ठेवायला हरकत नाही. पैशाच्या व्यवहारामुळे २४ हा आकडा "चोवीस" या शब्दापेक्षा पुष्कळांना लवकर वाचता येतो.

पाचवी गोष्ट म्हणजे मान. सगळीकडे "घ्या", "पाजा", "थांबा" आहे. "पाजावे" म्हटले की कागद हुकूम सोडतो, आणि "पाज" म्हटले की तो वडीलधारा बनतो. "पाजा" म्हणताना शेजारीण शेजारणीशी बोलते. शंका आली तर स्वतःला विचारा, की हेच वाक्य मी पाड्यावरच्या एखाद्या वयस्कर मावशीला तोंडावर म्हणेन का?

यालाही मर्यादा आहेत

नवे पत्रक जुन्या वाक्यापेक्षा कितीतरी पट लांब झाले आहे. कारणे आणि सांधे जागा घेतात. ते टाळता येत नाही. कागद लहान असेल तर सांधे कापू नका, विषय कापा. एका बाजूला पुडीचे पाणी कसे करायचे ते द्या, आणि दुसऱ्या बाजूला दवाखान्यात कधी न्यायचे ते. अक्षर लहान करून सगळे बसवणे हा उपाय नाही. बोट ठेवून वाचणाऱ्याला मोठे अक्षर आणि ओळींमध्ये मोकळी जागा लागते, आणि शक्यतो ओळीच्या शेवटी शब्द तुटू नये.

वाक्य कितीही चांगले असले, तरी घरात लिटरचे माप नसेल तर ते अडते. पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली बहुतेक पाड्यांवर मिळते, तेव्हा तिचे चित्र त्या ओळीशेजारी द्यावे. दुकानात २०० मिलिलिटर पाण्याची छोटी पुडीही मिळते. ती लिटरभर पाण्यात टाकली तर औषध पातळ होते, आणि मोठी पुडी पेल्यात टाकली तर घातक खारट होते. म्हणून तुमच्या भागात कोणती पुडी मिळते ते आधी पाहा, आणि औषधाचे प्रमाण छापण्यापूर्वी ते आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेला किंवा डॉक्टरांना दाखवून घ्या.

छापण्यापूर्वी कसे तपासावे?

चार-पाच जणींना वेगवेगळे भेटा. सगळ्यांना एकत्र बसवले, तर सर्वांत चांगले वाचणारी एकटीच बोलते. "समजले का?" असे विचारू नका, कारण पाहुण्याला कोणी नाही म्हणत नाही. पत्रक वाचायला द्या आणि आपण पेन्सिल घेऊन गप्प बसा.

तीन गोष्टींकडे लक्ष असू द्या. बोट जिथून मागे जाते, तिथे वाक्य तुटले आहे, खूण करा. जिथे ती छापील शब्दाऐवजी आपला शब्द वाचते, तिथे बहुधा तिचाच शब्द बरा आहे. तो लिहून घ्या. आणि जिथे तिचा आवाज बोलल्यासारखा न राहता पाढे म्हटल्यासारखा होतो, तिथे बहुतेक सांधा निखळला आहे. दोन वाक्यांमध्ये "म्हणून" किंवा "पण" बसतो का ते पाहा.

मग पत्रक बाजूला ठेवा. भांडे, बाटली, पुडी आणि चमचा पुढे ठेवून म्हणा, "करून दाखवा." नंतर दोन प्रश्न विचारा : "उद्यापर्यंत जुलाब थांबले नाहीत, तर काय कराल?" आणि "का?" पहिल्याचे उत्तर आले आणि दुसऱ्याचे आले नाही, तर पत्रकात सूचना पोहोचली, पण कारण पोहोचले नाही. जिला कारण कळले, ती पत्रक हरवले तरी शेजारणीला सांगू शकते.

तुमच्यासाठी सराव

जुलाबाच्या बाळाला झिंकच्या गोळ्याही देतात. पुढचे वाक्य पाड्यावरच्या आईसाठी लिहून पाहा :

"सहा महिन्यांवरील बालकांना अतिसार थांबल्यानंतरदेखील एकूण चौदा दिवसांपर्यंत प्रतिदिन झिंकची २० मिलिग्रॅमची एक गोळी देण्यात यावी."

कात्री लावली तर हे मिळेल : "झिंकची गोळी घ्या. रोज एक द्या. चौदा दिवस द्या." हे स्पष्ट वाटते, पण बाळ तिसऱ्या दिवशी खेळायला लागले की आई गोळ्या बंद करील, कारण पुढे का द्यायच्या ते तिला कोणी सांगितले नाही. आता सांधे ठेवून :

"बाळ सहा महिन्यांपेक्षा मोठे असेल, तर त्याला झिंकची एक गोळी रोज द्या. चमचाभर पाण्यात ती विरघळते. जुलाब दोन-तीन दिवसांत थांबले, तरी गोळी १४ दिवस द्या. पुरे १४ दिवस दिली, तर पुढचे दोन-तीन महिने जुलाब पुन्हा लागण्याची भीती कमी होते."

इथे सगळे काम "तरी" या एका शब्दाने केले आहे. तुमच्या पत्रकातही असा एखादा शब्द असेल. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी गोळी असते. ते वाक्य याच परिच्छेदात कुठे आणि कसे बसवायचे, हे आता तुम्ही लिहून पाहा आणि एखाद्या आईला मोठ्याने वाचायला द्या.